नवउद्योगाची जोखीम दरात कोंबू नका: अपयशाची शक्यता तक्त्यात कुठे आणि कशी धरावी

नवउद्योगाचा आर्थिक तक्ता घेऊन कुणी आलं की मी आधी डिस्काउंट रेटचा, म्हणजे पुढे येणारे पैसे आजच्या किमतीत आणताना वर्षाला जो दर लावतात त्याचा, रकाना बघतो. तिथे बहुतेक वेळा ४०, ५० किंवा ६० टक्के लिहिलेले असतात. एवढा दर का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘स्टार्टअप आहे, बुडण्याची शक्यता मोठी, म्हणून दर मोठा.’ ही काळजी खरी आहे. मात्र ती दरात टाकली की तक्ता चांगला प्रकल्प नाकारतो, वाईट प्रकल्प स्वीकारतो, आणि दोन्ही वेळा आकडे काटेकोर दिसत असल्यामुळे कुणाला शंका येत नाही. तीच काळजी योग्य रकान्यात कशी मांडायची, ते एका उदाहरणाने पायरीपायरीने बघू. एक्सेल उघडून सोबत करत गेलात तर तासाभरात होईल.

उदाहरण: द्राक्षाच्या भुरीवरचं जैविक औषध

नाशिक भागात द्राक्षावरची भुरी ही दरवर्षीची डोकेदुखी. युरोपला जाणाऱ्या मालात रासायनिक औषधांच्या अंशांची मर्यादा कडक असते, म्हणून काढणी जवळ आल्यावर मारता येईल अशा जैविक औषधाला मागणी आहे. समजा, तिघा तरुणांनी भुरीच्या बुरशीवर जगणारी दुसरी एक बुरशी प्रयोगशाळेत वाढवली आहे. त्यांची योजना अशी: आज १ कोटी रुपये घालायचे आणि दोन वर्षं म्हणजे दोन ऑक्टोबर छाटण्यांचे हंगाम शेतावर चाचण्या घ्यायच्या. त्याच काळात विषारीपणाच्या तपासण्या आणि १९६८च्या कीटकनाशक कायद्याखालची नोंदणी उरकायची. हे जमलं तर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला ४ कोटींचं उत्पादन युनिट उभारायचं. तिसऱ्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत, म्हणजे १० वर्षं, कर आणि खर्च वजा जाता दरवर्षी २ कोटी हातात येतील असा अंदाज आहे. जमलं नाही तर युनिट उभारायचंच नाही. गेला तो १ कोटी गेला.

हे आकडे मी समजावण्यासाठी धरले आहेत. प्रकल्पाची घडण मात्र नेहमीची आहे: सुरुवातीला एक अरुंद दार, आणि ते ओलांडलं की बऱ्यापैकी स्थिर धंदा.

पायरी पहिली: उत्पन्नाचा आकडा कशाचा आहे ते विचारा

‘वर्षाला २ कोटी’ हा आकडा तीन वेगळ्या गोष्टी सांगत असू शकतो. सगळं मनासारखं झालं तर मिळणारी रक्कम, औषध बाजारात आलं असं धरून काढलेली सरासरी, किंवा अपयशाच्या शक्यतेसकटची सरासरी. तक्ता करणाऱ्याने यातला कुठला आकडा घेतला हे त्याच्या स्वतःच्याही लक्षात नसतं, आणि पुढचे बहुतेक घोटाळे इथून सुरू होतात.

तक्त्यात हवा तो दुसरा आकडा. औषध बाजारात आलं असं धरा आणि मग विचारा: विक्री चांगली झाली तर किती, मध्यम झाली तर किती, रडतखडत चालली तर किती? समजा उत्तरं आली ३, २ आणि १ कोटी, आणि तिन्ही सारख्याच शक्य वाटतात. सरासरी २ कोटी. संस्थापकांच्या मूळ तक्त्यात ३ कोटी असतील तर ते २ वर आणण्याची जागा ही. अनेक गुंतवणूकदार तो ३ तसाच ठेवतात आणि दर वाढवून मनातल्या मनात त्याला छाटतात. फुगवलेला आकडा छाटायला दर हे फार बोथट हत्यार आहे. तिसऱ्या वर्षाचा ३ कोटी आणि बाराव्या वर्षाचा ३ कोटी सारखेच फुगवलेले असले, तरी दर पहिल्याला कमी आणि दुसऱ्याला जवळजवळ मुळासकट कापतो.

पायरी दुसरी: अपयशाला तारीख द्या

आता स्वतःला विचारा, हा प्रकल्प नेमका कधी आणि कशाने मरेल. भुरीच्या औषधाची उत्तरं बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. एक, प्रयोगशाळेत चालणारी बुरशी बागेत चालणार नाही, कारण तिला लागणारा ओलावा नेमका भुरीच्या काळात नसेल. हे पहिल्या हंगामातच कळतं. दोन, बागेत चालेल, पण बाटलीतले जिवंत बीजाणू उन्हाळ्यात दुकानदाराच्या गोदामात मरतील, किंवा तपासण्या आणि नोंदणीत अडचण येईल. हे दुसऱ्या वर्षाअखेर कळतं.

दोन्ही दारांना वेगवेगळी शक्यता लावा. समजा पहिलं दार ओलांडण्याची शक्यता ५० टक्के, आणि ते ओलांडलं तर दुसरं ओलांडण्याची ८० टक्के. दोन्ही मिळून ४० टक्के. म्हणजे अशा दहा प्रकल्पांतले सहा बुडतील. अपयश किरकोळ धरलेलं नाही, हे लक्षात असू द्या.

औषधनिर्मिती कंपन्या बरीच वर्षं हेच करतात, कारण त्यांच्या चाचण्यांचे टप्पे नियमाने ठरलेले असतात आणि प्रत्येक टप्प्यावर किती औषधं गळतात याच्या नोंदी आहेत. माणसांवरच्या पहिल्या टप्प्यात शिरलेल्या दहा औषधांपैकी साधारण एकच शेवटी बाजारात पोहोचतं, आणि सगळ्यांत जास्त गळती दुसऱ्या टप्प्यात होते. तुमच्या क्षेत्रात अशा नोंदी नसतील तर त्या दारातून आधी गेलेल्यांना भेटा. आपल्या उदाहरणात ते म्हणजे कृषी विद्यापीठातले वनस्पतिरोगतज्ज्ञ आणि जैविक औषधं बनवणारे जुने कारखानदार. त्यांना ‘हे चालेल का?’ असं विचारू नका. ‘तुम्ही बघितलेल्या अशा दहांपैकी किती बागेत टिकले?’ असं विचारा.

पायरी तिसरी: दर फक्त बाजाराच्या जोखमीचा ठेवा

दराचं काम दोन गोष्टींचा मोबदला धरणं: पैसा अडकून पडण्याचा, आणि अशा जोखमीचा जी कितीही ठिकाणी पैसे विभागले तरी जात नाही. मंदी आली, व्याजदर वाढले, शेतमालाचे भाव पडले तर कृषी निविष्ठांच्या सगळ्याच कंपन्यांना झळ बसते. ती जोखीम दरात हवी. बुरशी बागेत जगेल की नाही याचा मात्र शेअरबाजाराशी संबंध नाही. ज्याचे पैसे वीस वेगवेगळ्या प्रकल्पांत आहेत त्याच्या हिशेबात एकाचं अपयश दुसऱ्याच्या यशाने भरून निघतं. त्या अपयशाचं नुकसान खरं आहे, म्हणून ते सरासरीत धरायचं. त्यावर दराचा अधिभार लावायचं कारण नाही.

शेअरबाजारात नोंदलेल्या पीकसंरक्षण कंपन्यांवर गुंतवणूकदार जो परतावा अपेक्षितात, त्यावरून आपण इथे १४ टक्के धरू. कुणी १३ धरेल, कुणी १६. त्या वादाने निकाल फारसा हलत नाही.

पायरी चौथी: गणित, दोन्ही पद्धतींनी

हिशेब शेवटाकडून मागे करायचा. दुसऱ्या वर्षाअखेर यश हातात आहे असं समजा. पुढच्या १० वर्षांच्या २ कोटींची किंमत त्या दिवशी, १४ टक्क्यांनी, १०.४३ कोटी. त्यातून युनिटचे ४ कोटी गेले की उरतात ६.४३ कोटी. हे मिळण्याची शक्यता ४० टक्के, म्हणून सरासरी २.५७ कोटी. दोन वर्षं मागे आणलं की आजचे १.९८ कोटी. आजचा १ कोटी खर्च वजा केला की नक्त मूल्य ०.९८ कोटी, म्हणजे सुमारे ९८ लाख जमेला.

आता प्रचलित पद्धत. शक्यता कुठेच लिहायची नाही, सगळ्याला ४० टक्के दर लावायचा. दोन्ही सूत्रं अशी:

```
=((PV(14%,10,-2)-4)*40%)/1.14^2-1
=(PV(40%,10,-2)-4)/1.40^2-1
```

पहिल्याचं उत्तर ०.९८, दुसऱ्याचं उणे ०.५८. प्रकल्प तोच, लोक तेच, अपयशाची भीतीही तीच. एक तक्ता ‘करा’ म्हणतो, दुसरा ५८ लाखांचा तोटा दाखवतो.

दर आत काय करतो

हा फरक कुठून येतो ते समजलं की पुन्हा कुणाच्याही ४० टक्क्यांनी तुम्ही दबून जाणार नाही, म्हणून इथे जरा थांबू.

समजा, धंदा दरवर्षी `p` या शक्यतेने बुडू शकतो आणि बुडाला की काहीच हाती लागत नाही. मग अपयश धरून येणारा दर असा:

```
k = (1 + r)/(1 - p) - 1
```

इथे `r` हा साधा दर आणि `k` हा फुगवलेला. म्हणजे मोठ्या दराने अपयश धरता येतंच नाही असं नाही. येतं, पण एकाच अटीवर: बुडण्याची शक्यता दरवर्षी तेवढीच असली पाहिजे, पहिल्या वर्षी जितकी तितकीच बाराव्या वर्षीही. गल्लीतलं उपाहारगृह काही अंशी असं असतं, दरवर्षी बंद पडण्याची थोडी भीती कायम. तिथे हे सूत्र वापरायला हरकत नाही. फक्त १४ आणि १० ची बेरीज करून २४ लिहू नका. दरवर्षी १० टक्के बुडण्याची शक्यता असेल तर सूत्राने दर २६.७ टक्के येतो.

आता हे सूत्र उलटं चालवा. १४ च्या जागी ४० लिहिणारा माणूस नकळत म्हणतो आहे की प्रकल्प दरवर्षी १८.६ टक्के शक्यतेने बुडतो, सलग बारा वर्षं. त्याच्या म्हणण्यानुसार प्रकल्प जिवंत असण्याची शक्यता आणि आपला अंदाज शेजारी ठेवून बघा:

| वर्षाअखेर | आपला अंदाज | ४०% दराचा अर्थ |
|---|---|---|
| २ | ४०% | ६६% |
| ५ | ४०% | ३६% |
| ८ | ४०% | १९% |
| १२ | ४०% | ८.५% |

मोठा दर म्हणजे सावध दर, ही समजूत या तक्त्यात मोडते. दुसऱ्या वर्षी हा दर आपल्यापेक्षा उदार आहे. चार ते पाच वर्षांच्या दरम्यान तो आपल्याला ओलांडून खाली जातो आणि मग घसरतच राहतो. नोंदणी झालेलं, शेतकऱ्यांच्या हातात आठ वर्षं असलेलं औषध पहिल्या छाटणीतल्या प्रयोगाइतकंच डळमळीत आहे, असं तो मानतो.

आपल्या प्रकल्पात याचा फटका दोन्हीकडून बसला. युनिटचे ४ कोटी दुसऱ्या वर्षी खर्चायचे. आपल्या हिशेबात ते खर्चण्याची वेळच ४० टक्के, म्हणून त्यांचं आजचं ओझं १.२३ कोटी. फुगवलेल्या दराच्या लेखी ती वेळ ६६ टक्के, म्हणून ओझं २.०४ कोटी. खर्च लवकरचा म्हणून जड झाला, उत्पन्न उशिराचं म्हणून हलकं झालं.

मग ४० ऐवजी बरोबर दर कोणता? या प्रकल्पाचं ९८ लाख हे मूल्य एकाच दराने आणायचं तर तो साधारण २५ टक्के येतो. आता एक छोटा बदल करा. तिघांनी युनिट उभारायचं नाही असं ठरवलं आणि दुसऱ्या वर्षाअखेर नोंदणीसकट औषध एखाद्या मोठ्या कंपनीला ६.४३ कोटींना विकलं. अपयशाची शक्यता तीच, आजचं मूल्यही तेच ९८ लाख. पण आता ते मूल्य एका दराने आणायला तो दर ८० टक्के लागतो! जोखमीत कणाचाही फरक नाही. बदलली ती फक्त पैसे येण्याची वेळ, आणि ‘योग्य’ दर २५ वरून ८० वर गेला. ‘या प्रकारच्या स्टार्टअपसाठी अमुक दर’ असा कोष्टकातला आकडा उचलण्यात काय धोका आहे, तो एवढ्यावरून दिसावा.

दीर्घ मुदतीच्या कामांवर याचा अन्याय मला विशेष लागतो. नवं वाण, लस, औषध, बॅटरीचं रसायन अशा कामांची घडणच अशी असते की सुरुवातीला मोठी गळती आणि नंतर लांबलचक स्थिर उत्पन्न. नेमकं तेच उत्पन्न फुगवलेला दर खाऊन टाकतो, आणि दोन वर्षांत विकून मोकळं होता येईल अशा कामांना तुलनेने सोडून देतो.

गुंतवणूकदार तरी ५० टक्के का मागतात?

व्हेंचर कॅपिटलच्या व्यवहारात अगदी नव्या उद्योगाला ५० ते ७० टक्के, पुढच्या टप्प्यात ४० ते ६०, आणि शेअरबाजारात उतरायच्या आधी २० ते ३५, असे पट्टे रुळलेले आहेत. त्यांना चूक ठरवायचं कारण नाही, पण त्यांचा अर्थ नीट घ्यायला हवा. हा ‘यशस्वी झालात तर’ मिळायला हवा असा परतावा आहे. पाच वर्षांत पैसे दहापट झाले तर वर्षाला ५८ टक्के पडतात. दहांपैकी एक-दोनच तसे होणार हे त्यांना माहीत असतं. सगळे मिळून त्यांना सरासरीने जे मिळेल ते ५८ च्या कितीतरी खाली असतं. त्यात संस्थापकांच्या फुगवलेल्या आकड्यांची छाटणी, पुढच्या फेऱ्यांत हिस्सा पातळ होणं, पैसे मध्येच काढता न येणं, हेही मिसळलेलं असतं. वाटाघाटीत हिस्सा किती घ्यायचा हे ठरवायला तो एक आकडा सोयीचा. प्रकल्प करावा की नाही, हे ठरवायला नाही. शिवाय टप्पा बदलला की दर खाली येतो, या प्रथेतूनच कबुली मिळते की जोखीम वर्षांना चिकटलेली नसून टप्प्यांना चिकटलेली आहे.

पायरी पाचवी: ठाम देणी वेगळी काढा

फुगवलेल्या दराचा आणखी एक तोटा आहे, आणि तो संस्थापकाच्या घरापर्यंत पोहोचतो. समजा, चाचण्यांसाठी काढलेल्या कर्जाचे ५० लाख पाचव्या वर्षी एकरकमी फेडायचे आहेत आणि त्याला वैयक्तिक हमी दिली आहे. प्रकल्प बुडाला तरी हे देणं चुकत नाही. ४० टक्क्यांच्या तक्त्यात या देण्याचं आजचं ओझं फक्त ९.३ लाख दिसतं. नक्की द्यायची रक्कम सरकारी रोख्यांच्या जवळपासच्या दराने, म्हणजे समजा ७ टक्क्यांनी, मोजली तर ते ३५.६ लाख होतं. उत्पन्नाबाबत कठोर वाटणारा दर देण्याबाबत असा सैल होतो. म्हणून प्रत्येक देण्यापुढे एक प्रश्न लिहा: ‘बुडालो तरी द्यावं लागेल का?’ उत्तर ‘हो’ असेल तर त्याला यशाची शक्यता लावायची नाही आणि मोठा दरही नाही.

पायरी सहावी: खर्च दारांच्या मागे ढकला

टप्पे मांडण्याचा खरा फायदा इथे मिळतो. आतापर्यंत १ कोटी आजच खर्च होतो असं धरलं. पण पहिल्या हंगामाच्या चाचण्यांना ३० लाखच लागतात, आणि उरलेले ७० लाख, ज्यात महागड्या तपासण्या आहेत, बागेत बुरशी टिकल्याचं कळल्यावर वर्षभराने खर्चता येतात असं समजा. ती वेळ ५० टक्केच येणार. मग ७० लाखांचं आजचं ओझं ३१ लाख होतं. एकूण नक्त मूल्य ०.९८ वरून १.३७ कोटींवर जातं. शास्त्र तेच, बाजार तोच, तरी फक्त खर्चाचा क्रम बदलून ३९ लाख वाढले. मोठ्या दराच्या तक्त्यातही क्रम बदलल्याने थोडी सुधारणा दिसते, पण उत्तर उणेच राहतं, आणि सुधारणा कशामुळे झाली हे तो सांगू शकत नाही. त्याच्या लेखी पैसे फक्त उशिरा गेले. ते कदाचित जाणारच नाहीत, हे त्याला माहीत नसतं.

पायरी सातवी: शक्यतेवर भांडा, दरावर नाही

‘हे ४० टक्के तुम्ही कुठून आणले?’ हा आक्षेप रास्त आहे. शक्यता हा अंदाजच असतो. म्हणून उलटा प्रश्न सोडवा: किती शक्यतेला प्रकल्प ना नफा ना तोटा होतो? १ कोटी आजच घालायच्या मूळ योजनेत उत्तर येतं २० टक्के. आता चर्चा सोपी होते. पाचांपैकी एकापेक्षा जास्त वेळा हे जमेल का? या प्रश्नावर वनस्पतिरोगतज्ज्ञ मत देऊ शकतो, कारखानदार देऊ शकतो. ‘दर ३५ असावा की ४०’ यावर दोघांनाही काही सांगता येत नाही, आणि खरं तर कुणालाच नाही.

इथे दोन चुका हमखास होतात. शक्यता धरूनही दर ४० च ठेवला जातो, ‘थोडी सुरक्षितता’ म्हणून. मग एकच भीती दोनदा मोजली जाते आणि आपला प्रकल्प उणे ८३ लाखांवर जातो. ओळखायची खूण: तक्त्यात शक्यतेचा रकाना आहे आणि दरही २५ च्या वर आहे, तर करणाऱ्याला दोन्हींची कारणं वेगवेगळी सांगायला लावा. दुसरी चूक म्हणजे नावडत्या उत्तराला मान्य होईपर्यंत शक्यता खालीवर करणं. ती टाळायला शक्यता आधी लिहून, तारीख घालून ठेवा आणि मूल्य नंतर काढा.

या पद्धतीची एक मर्यादा संस्थापकाला लागू होते. ज्याची सगळी पुंजी आणि पुढची पाच वर्षं एकाच बाटलीत आहेत, त्याच्यासाठी ‘वीस प्रकल्पांत पैसे विभागलेत’ हे खरं नाही. त्याच्यासाठी ९८ लाखांच्या सरासरीइतकाच महत्त्वाचा दुसरा आकडा आहे: सहा दशांश शक्यतेने होणारं नुकसान किती, आणि ते झालं तर घर चालेल का. हा आकडा तक्त्याखाली वेगळा लिहा. दर वाढवून तो सरासरीत मिसळला तर दोन्ही आकडे हातचे जातात.

पहिला हंगाम संपल्यावर

तक्ता एकदा करून ठेवून द्यायचा नाही. पहिल्या छाटणीचे निकाल आले आणि बुरशी टिकली, तर ५० टक्क्यांच्या जागी १०० लिहा. पुढची ८० टक्क्यांची शक्यता आणि १४ टक्के दर तसेच राहतील. त्या दिवशी पुढच्या कामाचं मूल्य ३.८१ कोटी होईल, कारण ६.४३ च्या ८० टक्क्यांना एका वर्षाने मागे आणून त्यातून ७० लाख वजा करायचे आहेत. नवा गुंतवणूकदार त्याच सुमाराला येणार असेल तर बोलणी या आकड्यापासून सुरू करा. बुरशी टिकली नाही तर त्या जागी शून्य लिहा आणि ७० लाख खर्चू नका.